काळजी करू नका, गेटवर या

आमच्या कंपनीत कॉम्प्रेसरला बरं नसलं तर फिटरला लगेच कळतं. माणसाच्या घरी कुणाला बरं नसलं तर ते कळायला हिंदुराव लागतात. ही काही मी कंपनीची टिंगल करत नाही. निदान सुरुवातीलाच करणार नव्हतो.

चाकणला आमचा कारखाना आहे, गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबणारा. गेटाला लागून टाइम ऑफिसची खिडकी आहे आणि त्या खिडकीत हिंदुराव बसतात. त्याच्या शेजारच्या खिडकीत, डिस्पॅचमध्ये, मी. मधे एक पातळ भिंत आहे, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू येतं आणि माझं कुरकुरणं त्यांना. हिंदुराव खटाव तालुक्यातले. इकडे येऊन जन्म गेला, पण बोली सोडली नाही. टाइम ऑफिसचं काम म्हणजे हजेरी, गेटपास, पाळीची अदलाबदल. पण त्यांचं खरं काम कुठल्याच कागदावर नव्हतं. ते निरोप पोचवायचे.

आमच्याकडे आत कॅमेऱ्याचा फोन चालत नाही. येऊ घातलेल्या गाडीचं दार कसं आहे हे जगाला कळू नये म्हणून. प्रत्येकाचा फोन गेटावरच्या कप्प्यात, चावी खिशात. मग घरच्यांनी करायचं काय? गेटावर फोन. आणि तो हिंदुराव उचलणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि आत चालत जाणार.

निरोप द्यायची त्यांची एक रीत होती. आधी माणसाच्या खांद्यावर हात. मग, निरोप किरकोळ असला तर पहिलं वाक्य ठरलेलं, "घरी समदं बेस हाय, काळजी करू नगं." त्यानंतर मग बायकोनं गॅसच्या टाकीचा नंबर विचारलाय, पोराची फी राहिलीय, काय असेल ते. आणि निरोप वाईट असला तर ते मशीनजवळ काही बोलायचेच नाहीत. "जरा हिकडं ये," म्हणून पाण्याच्या टाकीपाशी न्यायचे, पाणी पाजायचे, मग सांगायचे. कारण दोनशे टनांच्या प्रेससमोर हात थरथरला तर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं. मी त्यांना एकदा म्हणालो, "काका, तुम्ही पोस्टात असता तर लोकांनी वाईट बातमीच्या तारा फाडल्या नसत्या." ते म्हणाले, "तार वाचाय येती, पर ऐकाय येत न्हाई, राव." मी तेव्हा हसलो होतो.

मग कारखाना वाढला. रस्त्यापलीकडे नवी शेड झाली आणि प्रेस शॉप तिकडे गेलं. सेफ्टीवाल्यांनी पिवळी रेघ ओढली, की उत्पादनाशी संबंध नसलेल्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही. त्यात हिंदुरावांचे गुडघे. निरोप गेटावर साठू लागले आणि लोक पाळी सुटल्यावर येऊन ओरडू लागले.

त्यावर तोडगा निघाला तो कॉम्प्रेसरमुळे.

झालं होतं असं, की आमच्या जुन्या कॉम्प्रेसरच्या पॅनेलला हवेचा दाब पडला की फक्त ईमेल पाठवता यायची. दुसरं काही त्याला येत नव्हतं. आणि फिटर तर आत, साधा बटणांचा फोन घेऊन. त्याला मेल दिसणार कुठे? तेव्हा आयटीतल्या आम्रपालीनं एक सेवा घेतली. मेलच्या पत्त्यात माणसाच्या नावाऐवजी फिटरचा मोबाइल नंबर घालायचा, पुढे @ आणि त्या सेवेचं नाव. मेल त्या पत्त्यावर गेली की पलीकडे तिचा साधा मेसेज होतो आणि फिटरच्या फोनवर पडतो. ना इंटरनेट लागत, ना मोठा फोन. दाब पडला की फिटरच्या खिशात थरथर. हे इतकं सुरळीत चाललं, की मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात आलं, मशीनचा निरोप जातो तर माणसाचा का नाही?

विचार तसा वावगा नव्हता. गेटावरच्या कॉम्प्युटरला बाहेरचं इंटरनेट नाही, कंपनीची मेल तेवढी आहे. आत प्रत्येक लाइनवर कंपनीनं दिलेला एक बटणांचा फोन, लाइन लीडरच्या छातीच्या खिशात. त्यावर बोलायला गेलं तर प्रेसच्या दणदणाटात कुत्र्यालाही काही ऐकू येणार नाही. पण मेसेज वाचता येतो. आता लीडरनं वाचायचा आणि ज्याचा असेल त्याला गेटावर धाडायचं. इतकं सोपं.

आम्रपाली स्वतः खिडकीशी येऊन शिकवून गेली. कासारवाडीची पोर, वडील मोठ्या कारखान्यात राबलेले, त्यामुळे कामगाराशी बोलताना तिला आवाज चढवावा लागत नाही. तिनं मजकूर तयारच आणला होता: "अमुक, तुमच्यासाठी घरून फोन आहे. गेटवर संपर्क साधा." शेवटी कंपनीचं नाव.

"काका, फक्त नाव बदलायचं. बाकी जसंच्या तसं. हा मजकूर आपण मोबाइल कंपन्यांकडे नोंदवून मंजूर करून घेतलाय."

"आन् फोन कुणाचा, कशाचा, त्ये लिवायचं न्हाई?"

"नाही काका. तेवढं माणूस गेटवर आल्यावर तुम्ही सांगा."

पहिल्या दिवशी एकही निरोप गेला नाही. मग तिला कळलं, की कंपनीच्या प्रत्येक मेलच्या तळाशी आपोआप एक लांबलचक इंग्रजी शेपूट चिकटतं, ही मेल गोपनीय आहे वगैरे. ते शेपूटही मेसेजबरोबर जात होतं आणि सगळंच अडत होतं. तिनं सेवावाल्यांना सांगून एक खूण ठरवून घेतली. मजकुरानंतर ती खूण टाकायची, खुणेखालचं सगळं छाटलं जाणार. त्यानंतर निरोप धडाधड जाऊ लागले. इंग्रजी शेपूट वाईट, एवढा धडा हिंदुरावांनी घेतला. पुढे त्याच धड्यानं घात केला.

लोकांचा मात्र पहिले काही दिवस गोंधळच गोंधळ. मेसेज येतो तो कुणाच्या नंबरवरून नाही, सहा इंग्रजी अक्षरांच्या नावानं. एका लीडरनं तो कर्जाची जाहिरात समजून पुसून टाकला. दुसऱ्यानं त्यालाच उत्तर धाडलं, "येतो, प्रेसची डाय बदलून." ते उत्तर कुठेच पोचत नाही, कारण तो रस्ता एकेरी आहे. हिंदुराव इकडे वाट बघत आणि तो तिकडे कळवलं म्हणून निवांत. हळूहळू बसली सवय.

मग ज्योतीरामचं प्रकरण झालं. ज्योतीराम वेल्डिंगवर. त्याला मेसेज मिळाला, घरून फोन आहे, गेटवर संपर्क साधा. बायकोला दिवस गेलेले. तो हेल्मेटसकट धावत सुटला, रस्ता ओलांडताना कांद्याच्या ट्रकखाली यायचा तो वाचला, आणि खिडकीशी येऊन धापा टाकत त्यानं फोनसाठी हात पुढे केला. फोन होता तो घरमालकाचा, पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली म्हणून.

हिंदुरावांनी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर बराच वेळ ते कॉम्प्युटरकडे बघत बसले. "असा कोरडा निरोप कोन देतं व्हय?" ते मला म्हणाले. "म्हशीला बी हाक मारताना आपुन गोड बोलतो."

त्या दिवसापासून त्यांनी वाक्याच्या शेवटी आपले दोन शब्द घालायला सुरुवात केली. "काळजी करू नका." खुणेच्या वर, नीट, मराठीत. हा मजकुरात बदल आहे असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. माणसाशी बोलताना माणूस असं बोलतोच. आणि मी शेजारी बसून रोज ते बघत होतो, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि मग भुताटकी सुरू झाली.

काही निरोप जात, काही जात नसत. ज्याच्या घरी खरंच काही बिनसलेलं असे, त्याला हटकून मिळत. बाकीचे मधेच गायब. हिंदुरावांच्या मेलमध्ये बघावं तर सगळे "पाठवले" म्हणून रांगेत उभे. परत आलेली मेल एकही नाही. अमक्याला का नाही मिळाला? फोन बिघडला असेल. तमक्याला? त्या शेडमध्ये रेंज नाही. पण त्याच शेडमध्ये परवा गेला होता! आमच्या चहाच्या टपरीवर रोज नवा शोध लागे. कुणी म्हणे, शनिवारी जात नाहीत. कुणी म्हणे, लांब नावांचे जात नाहीत. कुणी म्हणे, लीडरच दाबून ठेवतात, उत्पादन पडू नये म्हणून. हा शेवटचा शोध सगळ्यांना आवडला आणि त्यावरून दोन लीडरांशी बाचाबाचीही झाली.

हिंदुरावांनी आम्रपालीला बोलावलं. ती आली, त्यांच्याच खुर्चीत बसली, त्यांच्याच मेलवरून, तिचा जपून ठेवलेला मजकूर घेऊन निरोप पाठवला. लगेच मिळाला. दुसऱ्या लाइनला पाठवला. मिळाला.

"काका, सिस्टीम ओके आहे," ती म्हणाली. "लोकच बघत नसतील."

ती गेल्यावर हिंदुरावांनी पाठवला. नाही मिळाला.

ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. "माज्या हाताला यश न्हाई बघा," म्हणाले. मी म्हणालो, "काका, कीबोर्डाला हळदकुंकू वाहा." ते हसले नाहीत. मी तरी काय, माझ्या तोंडाला कधी काय सुचेल याचा नेम नाही. त्यांना ते लागलं होतं. आपण पाठवलेला निरोप पोचत नाही, ही गोष्ट त्या माणसाला आतून खात होती, आणि का पोचत नाही हे कळत नव्हतं. मला तर काहीच कळत नव्हतं. मी ते कबूल करत नव्हतो, एवढाच फरक.

प्रेस शॉपमध्ये नागसेन नावाचा ऑपरेटर आहे. त्याचे वडील साहेबराव आमच्याच प्रेसवर राबून रिटायर झालेले. हिंदुराव आणि ते एकाच वर्षी लागले, एकाच बसनं आले-गेले. साहेबरावांना घशाचा कॅन्सर निघाला. पिंपरीच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्र काढायचं, म्हणजे जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाणार. तारीख पुढच्या आठवड्याची होती. नागसेननं रजाही टाकली होती.

एका सकाळी फोन कप्प्यात ठेवताना तो खिडकीशी थांबला. "जय भीम, काका."

"जय भीम. आबा कसा हाय?"

"आहेत. रागावलेत सगळ्यांवर. बोलून घेतायत." तो हसला, मग म्हणाला, "काका, आईचा फोन आला तर मला लगेच कळवा. बाकी काही नको. ऑपरेशनच्या आधी मला त्यांच्याजवळ बसायचंय. पुन्हा ऐकायला मिळणार नाही ना."

"तू जा बिनघोर," हिंदुराव म्हणाले. "माज्या गेटावरचा निरोप चुकंल व्हय?"

तीन दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या आधी फोन वाजला. भिंतीपलीकडून मला जाईबाईंचा, नागसेनच्या आईचा, आवाज ऐकू येत नव्हता, पण हिंदुरावांचा येत होता. "आज? आजच?... व्हय... व्हय वैनी... आत्ता धाडतो." दुसऱ्या कुणा पेशंटचं ऑपरेशन ताप आल्यानं रद्द झालं होतं आणि साहेबरावांना आजच आत घेणार होते. दुपारीच. नागसेननं लगेच निघावं, ते त्याची वाट बघतायत.

हिंदुरावांनी गेटपास आधी भरला. बाहेर रिक्षावाल्याला हाक मारून थांबवला. मग खुर्चीत बसून एकेक अक्षर शोधत मेल लिहिली. कुणाचा निरोप त्यांनी इतक्या मायेनं लिहिला नसेल. "नागसेन, तुमच्यासाठी घरून फोन आहे. गेटवर संपर्क साधा. बाळा घाबरू नको, काळजी करू नको, पण लगेच ये, रिक्षा उभी आहे." खूण टाकली. पाठवली. आणि गेटात जाऊन उभे राहिले.

नागसेन आला नाही.

रिक्षावाल्यानं बीडी संपवली. हिंदुरावांनी परत येऊन दुसरी मेल पाठवली, आणखी चार शब्द घालून. नागसेन नाही. त्यांनी लाइनच्या फोनवर कॉल केला. लीडरनं उचलला, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाय," म्हणून ठेवला. मी उठून त्यांच्या खिडकीशी गेलो. "काका, लीडर दाबतोय," मी म्हणालो. काही माहीत नसताना माणूस छातीठोक बोलतो, तसा.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. हिंदुरावांनी उचलला आणि त्यांचा चेहराच बदलला. "साहेबराव?" म्हणाले. मग गप्प राहून ऐकत राहिले. मी समोर उभा होतो. त्यांनी एक हात कानावर दाबून धरला होता, ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून. एकदा हसले. एकदा "व्हय रं" म्हणाले. मग, "सांगतो. आसंच सांगतो. एक शब्द इकडचा तिकडं करत न्हाई." रिसीव्हर ठेवला, टोपी सारखी केली आणि गुडघे धरत रस्ता ओलांडून नव्या शेडकडे चालू लागले.

पिवळ्या रेघेवर सेफ्टीवाल्यानं हात आडवा केला. हिंदुरावांनी तो हात नुसता खाली केला, दारावरची कडी काढावी तसा, आणि आत गेले.

नागसेन पत्रा लावत होता. त्याला काही माहीतच नव्हतं. लीडरनं खिशातला फोन काढून दाखवला, त्यावर काहीच आलेलं नव्हतं. पोरगं धावतच गेटावर आलं, रिक्षात बसलं. पण मोशीला रस्ता तुंबलेला, भोसरीला तुंबलेला. तो पोचला तेव्हा साहेबरावांना आत नेलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. साहेबराव वाचले. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण त्या संध्याकाळी आम्हाला कुणालाच ते मोठं वाटत नव्हतं. हिंदुराव बसमध्ये चढले ते खिडकीला डोकं टेकून बसले. मला रडू येत होतं आणि कुणावर चिडावं ते कळत नव्हतं, म्हणून मी कंडक्टरवर चिडलो.

दुसऱ्या दिवशी मी आम्रपालीला ओढूनच आणलं. तिचा चेहराही उतरलेला होता. या वेळी तिनं स्वतः निरोप पाठवून पाहिला नाही. तिनं हिंदुरावांना सांगितलं, "काका, काल काय लिहिलंत ते दाखवा. तुम्ही लिहिलेलं."

तिनं वाचलं. डोळे मिटले. मग तिनं फोन करून त्या सेवेचे अहवाल मागवले. अहवाल रोज येत होते. येत होते ते नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाच्या मेलवर, कारण खातं त्याच्या नावानं उघडलेलं आणि पत्ता बदलायचा राहिला. प्रत्येक बुडालेल्या निरोपासमोर एकच कारण होतं: मजकूर मंजूर नमुन्याशी जुळत नाही.

"म्हंजे?" हिंदुरावांनी विचारलं.

"काका, मेल सेवेपर्यंत पोचते, म्हणून तुमच्याकडे 'पाठवले' दिसतं. पण तिथून फोनवर जाताना मोबाइल कंपनी आपल्या मंजूर मजकुराशी ताडून बघते. नावाची जागा मोकळी आहे, तिथे काहीही चालतं. म्हणून तुम्ही 'ज्योतीराम भाऊ' लिहिलंत तरी गेलं. बाकीच्यात एक शब्द जास्त झाला की ती थांबवते. फसवे मेसेज येऊ नयेत म्हणून तो नियम आहे."

"काळजी करू नका, हे फसवं हाय?"

"त्यांना कळत नाही ना काका ते काय आहे. फक्त जास्तीचं आहे एवढं कळतं."

"आन् त्यो काम्प्रेसर?"

"कॉम्प्रेसर कधी एक शब्द जास्त लिहीत नाही."

मला तेव्हा सगळ्याचा उलगडा झाला आणि वाटलं, झाला नसता तर बरं होतं. ज्याच्या घरी वाईट घडलं त्याला ते "काळजी करू नका" लिहीत नसत, खोटं कसं लिहायचं म्हणून. त्यांचे निरोप गेले. आम्रपाली पाठवायची ते कोरे, म्हणून तिचे गेले. ज्याला धीर द्यावासा वाटला त्याचा बुडाला. आणि ज्याच्यावर जीव सगळ्यात जास्त, त्याच्या निरोपात शब्द सगळ्यात जास्त.

"चूक माझी पण आहे," आम्रपाली म्हणाली. "'जसंच्या तसं' एवढंच म्हणाले, का ते सांगितलं नाही. आणि तुम्ही लिहिलेलं एकदाही बघितलं नाही." मग घाईघाईनं म्हणाली, "आपण नवा नमुना मंजूर करून घेऊ. त्यात 'काळजी करू नका' कायमचं घालू. थोडे दिवस लागतील, पण होईल."

मी म्हणालो, "उत्तम. घाला."

"नगं," हिंदुराव म्हणाले.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघू लागलो.

"ज्याचा बाप गेला त्यालाबी काळजी करू नगं, आन् ज्याची मोटर चालू ऱ्हायली त्यालाबी? समद्यास्नी एकच? त्यापरीस न बोललेलं बरं. पोरी, तुज्या यंत्रानं हाक मारावी. सांगायचं माज्यावर सोड. आन् हाक पोचली का न्हाई हे त्याला कळत नसंल, तर मला रेघंच्या आत जायाची परवानगी दे."

या माणसाचा गुडघा चालत नाही आणि मागतो काय, तर चालायची परवानगी. आम्रपालीनं ती मिळवलीही, सेफ्टीवाल्यांशी भांडून. हिरवं जॅकेट, हेल्मेट आणि प्रेस शॉपपर्यंतची वाट आखून. आता रीत अशी आहे, की मेसेज पाठवायचा, आणि माणूस चहाचा कप संपेपर्यंत आला नाही तर हिंदुराव निघतात. अहवाल आता टाइम ऑफिसच्या मेलवर येतात. नमुनाही बदलला, पण तो तिसऱ्याच पद्धतीनं. आम्रपालीनं लिहून आणला आणि मंजूर करून घेतला: "अमुक, गेटवर या. हिंदुराव वाट बघत आहेत." शेवटी कंपनीचं नाव. त्यातही एक अक्षर वाढवून चालत नाही, पण आता वाढवायची गरजही नाही. हिंदुराव रिटायर झाले तरी मोबाइल कंपन्यांच्या लेखी ते आमच्या गेटावर वाट बघतच राहणार. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते लाजले.

राहिला नागसेन. तो आठवडाभरानं कामावर आला. हिंदुराव खिडकीतून उठून बाहेर आले. भिंतीपलीकडे बसून ऐकणं मला बरं वाटेना, पण उठून जाणंही जमेना.

"पोरा," हिंदुराव म्हणाले, "तुजा निरोप माज्याकडं ऱ्हायलाय. आबानं दिल्याला. त्या दिशी रिक्षा सोडायच्या घाईत सांगाय झालं न्हाई."

हिंदुरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांचा नव्हता. साहेबरावांचा होता, तो घोगरा, मोठा, प्रेसवाल्यांचा आवाज, समोरच्याला ऐकू येत नाही असं गृहीत धरून बोललेला. "नाग्या! लेका, कानात बोळे घालत जा. मी घातले नाहीत, आता नातू काय म्हणतो ते मला ऐकू येत नाही, आणि उद्यापासून मलाही त्याला काही म्हणता येणार नाही. तू तरी ऐकत राहा. काळजी करू नको."

एवढंच. बाकी काही नाही. बापाचं शेवटचं बोलणं म्हणून कुणी काय काय मनात धरलं असेल, आणि निघालं ते कानातले बोळे. नागसेन हसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. हिंदुरावांनी त्याला टाकीपाशी नेलं, पाणी पाजलं.

साहेबराव आता बरे आहेत. पाटीवर लिहून भांडतात, जाईबाई म्हणतात की पूर्वीपेक्षा जास्त. पण नागसेन अधूनमधून सकाळी खिडकीशी थांबतो. फोन कप्प्यात ठेवतो, चावी खिशात टाकतो आणि म्हणतो, "काका, सांगा ना एकदा."

हिंदुराव चष्मा कपाळावर चढवतात, इकडेतिकडे बघतात आणि साहेबरावांच्या आवाजात सांगतात. एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. नागसेन सगळं ऐकून घेतो, मग खिशातून बोळे काढून कानात घालतो आणि पाळीवर जातो.